डब्याचा आठवड्याचा मेनू: भाजी तीच, ओळ नवी

प्रश्न: ताई, नागपूरच्या त्रिमूर्ती नगरात माझे चाळीस डबे आहेत. दर रविवारी व्हॉट्सॲपवर आठवड्याचा मेनू टाकते. आता प्रत्येक ओळीत ‘चविष्ट’, ‘घरगुती’, ‘आईच्या हातची चव’ हेच येतं. भाज्याही त्याच फिरतात. दर आठवड्याला नवीन काय लिहायचं?

उत्तर:

भाज्या त्याच फिरणार, त्या बदलण्याच्या मागे लागू नका. प्रताप नगरात मी सोळा वर्षं डबे देते आहे, सध्या पंच्याहत्तर आहेत. माझ्याकडे फिरणाऱ्या भाज्या मोजल्या तर अठरा-वीसच निघतात. त्यातही आलू, वांगं, कोबी, चवळी आणि पालक हे पाच जण महिन्याला तीन-चारदा येतातच. जेवणाऱ्यांना त्याचा त्रास नसतो, घरीही तसंच असतं. त्यांना कंटाळा येतो तो ओळीचा, कारण जिथे काहीतरी सांगायचं तिथे आपण ‘चविष्ट’ लिहून मोकळ्या होतो.

तुमचा मागच्या रविवारचा मेनू उघडा आणि एकेका ओळीतल्या भाजीच्या नावावर अंगठा ठेवा. उरलेले शब्द वाचा. ‘घरगुती चवीची खमंग’ एवढंच उरलं, तर ते कोबीलाही चालतं, भेंडीलाही चालतं आणि झुणक्यालाही. कुठेही बसणारे शब्द खोडा. ‘कोवळ्या दाण्यांची, गूळ न घालता’ असं उरलं, तर अंगठा न काढताही कळतं की हे एकाच भाजीचं वर्णन आहे. ती ओळ ठेवा. मी आजही मेनू पाठवण्याआधी हे करते आणि दर आठवड्याला एखादी तरी ओळ खोडावी लागते.

आता खोडलेल्या जागी काय लिहायचं? ते रविवारी रात्री मोबाईल हातात धरून सुचत नाही, मीही सुरुवातीला तेच करत असे. ते आठवडाभर ओट्यावर जमा होत असतं, फक्त आपण टिपून ठेवत नाही. माझ्या ओट्याच्या वरच्या फळीवर दोऱ्याने पेन बांधलेली शंभर पानी वही आहे. भाजी आणली, निवडली, शिजवली की दोन-चार शब्द लिहायचे. वाक्य करायचं नाही. माझ्या वहीतली काही टिपणं जशीच्या तशी देते: ‘वांगी लहान, काटेरी, बी कमी.’ ‘मेथी फार कोवळी, देठासकट घेतली.’ ‘सोले महाग, शेंगांत दाणे भरलेले.’ ‘कोबीला पाणी सुटलं, झाकण काढून परतला.’ ‘आज दोघांनी ठेचा जास्त मागितला.’ यातलं प्रत्येक टिपण म्हणजे पुढच्या मेनूची अर्धी ओळ आहे, आणि ती मागच्या आठवड्यात कोणालाच लिहिता आली नसती.

बाजारातल्या गोष्टी टिपताना भाजीवाल्याशी दोन शब्द बोलत जा. मी शनिवारी संध्याकाळी गोकुळपेठ बाजारात जाते. तिथे माझी एक ठरलेली बाई आहे. ती तुरीची शेंग अंगठ्याने दाबून फोडते आणि दाणे माझ्या तळहातावर टाकते. दाणा फुगीर, हिरवागार आणि नखाने सहज दबणारा असेल तर भाजी दाण्यांची करायची. दाणा टणक व्हायला लागला असेल तर सोले वाटून घ्यायचे. एवढं पाहिल्यावर ओळ तिथेच तयार होते: ‘सोले कोवळे मिळाले, म्हणून अख्खेच ठेवले.’ यात मी कोणाचं कौतुक केलेलं नाही, पण वाचणाऱ्याला कळतं की कुणीतरी शेंग फोडून बघितली आहे.

दुसरा साठा क्रियापदांचा. ‘चविष्ट’ हा निकाल आहे आणि तो जेवणाऱ्याने द्यायचा असतो. आपण लिहायचं ते आपण काय केलं ते. स्वयंपाकघरात आपल्याकडे त्याला किती शब्द आहेत बघा: परतली, घोटली, ठेचली, वाफवली, भाजून सोलली, चुरली, दाटवली, सुकी केली, रस्सा सोडला, वरून फोडणी दिली. पालकाचंच घ्या. एका आठवड्यात ‘पालक घोटून, वर लसणाची फोडणी’, दुसऱ्यात ‘पालक बारीक चिरून, मूगडाळीत मोकळा’, तिसऱ्यात ‘पालक बेसन लावून, ताकातला’. भाजी एकच, ओळी तीन, आणि तिन्ही खऱ्या, कारण तिन्ही वेळा भाजी खरोखर वेगळी केली होती. इथे एक सांगते: केलेलं नसेल ते लिहू नका. शब्द बदलावा म्हणून ‘घोटली’ लिहिलं आणि डब्यात चिरलेली पानं दिसली, तर पुढच्या ओळीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

महिन्याला चार सोमवार आलू-वांगं देऊन पाहिलंय, त्याच्या ओळी अशा झाल्या होत्या:

‘आलू-वांगं, भिवापुरी मिरचीच्या नव्या तिखटात. रंग लाल, तिखटपणा बेताचा ठेवला.’
‘आलू-वांगं, या वेळी वांगी लहान मिळाली, म्हणून चिरा देऊन अख्खी.’
‘आलू-वांगं सुकं. कांदा कमी, तीळकूट जास्त.’
‘आलू-वांगं, वरण, भात, पोळी.’

चौथी ओळ मुद्दाम तशी आहे, त्याचं कारण पुढे सांगते. पहिलीत तिखट बदललं, दुसरीत वांग्याचा आकार, तिसरीत मसाला. दर वेळी एकच गोष्ट सांगितली आहे. एका ओळीत वांगी लहान, तिखट नवं आणि तीळकूट जास्त असं सगळं भरलं असतं, तर पुढच्या सोमवारी माझ्याकडे काहीच उरलं नसतं. एका वेळी एकच सांगायचं, बाकीचं वहीत राहू द्यायचं.

आता एक अख्खा आठवडा उघडून दाखवते. 2026 च्या जानेवारीत 12 ते 17 तारखेचा. भोगी मंगळवारी, संक्रांत बुधवारी आणि गुरुवारी महापालिकेचं मतदान, असा तो आठवडा होता. माझा पहिला कच्चा मेनू शनिवारी रात्री असा लिहिला गेला: सोमवारी ‘खमंग आलू-वांगं’, मंगळवारी ‘पारंपरिक भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी’, बुधवारी ‘संक्रांतीनिमित्त खास गूळपोळी’, गुरुवारी ‘पौष्टिक खिचडी-कढी’, शुक्रवारी ‘चविष्ट सोलेभात’, शनिवारी ‘नागपूर स्पेशल पाटवडी रस्सा’. अंगठा ठेवला आणि सहाही गेल्या. मग वही उघडली.

सोमवारसाठी वहीत काहीच नव्हतं. म्हणून फक्त ‘आलू-वांगं, वरण, भात, पोळी’ ठेवलं.

मंगळवारी भोगीची भाजी. ‘पारंपरिक’ म्हटल्याने कोणाला काही कळत नाही. वाचणाऱ्याला उत्सुकता असते ती आत काय काय पडलं याची. त्या दिवशी वांगं, गाजर, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, बोरं आणि तिळाचं कूट होतं. ओळ झाली: ‘भोगीची भाजी: वांगं, गाजर, वालाच्या शेंगा, ओला हरभरा, बोरं. बाजरीची भाकरी, एका बाजूला तीळ.’ नुसती नावं ठेवली तरी एवढ्या नावांनीच ताट डोळ्यांपुढे येतं. जिथे पदार्थ स्वतःच भरगच्च आहे, तिथे आपण बोलायचं नाही, यादी करायची.

बुधवारी गूळपोळी. वहीत टिपण होतं: ‘गूळ किसून, बेसन भाजून, सारण रात्रीच.’ पण जेवणाऱ्याला उपयोगाची गोष्ट वेगळीच होती. गूळपोळी डब्यात नीट राहते, मात्र तिच्यावर काही ओलं ठेवलं की नरम पडते. म्हणून लिहिलं: ‘गूळपोळी दोन, वेगळ्या कागदात गुंडाळलेल्या. तूप छोट्या डबीत आहे, खाताना लावा.’ खाण्याची रीत सांगणाऱ्या ओळी मला सगळ्यात जवळच्या वाटतात. त्यात स्तुतीला जागाच नसते आणि त्या वाचणाऱ्याच्या हातात काहीतरी ठेवतात.

गुरुवारी मतदानाची सुट्टी, ऑफिसांचे डबे बंद, फक्त विद्यार्थी आणि दोन आजी-आजोबांचे डबे. लिहिलं: ‘मतदानामुळे ऑफिसचे डबे नाहीत. बाकीच्यांना खिचडी आणि कढी, साडेअकरापर्यंत घरपोच, म्हणजे जेवून जाता येईल.’ ही ओळ त्या एका गुरुवारचीच आहे. आठवड्यात सण, परीक्षा, थंडीची लाट, मेट्रोच्या खोदकामाने बंद झालेला रस्ता, असं काही घडत असेल आणि त्याने डब्यावर परिणाम होत असेल, तर तेच लिहा. परिणाम होत नसेल तर नुसत्या शुभेच्छांसाठी ओळ खर्च करू नका.

शुक्रवारी सोलेभात. शनिवारी बाजारातून आणलेले सोले शुक्रवारपर्यंत टिकत नाहीत, म्हणून शेंगा गुरुवारी घ्यायच्या होत्या. मी खात्री नसलेल्या भाजीची ओळ सैल लिहिते: ‘सोलेभात. शेंगा गुरुवारी बाजारात बघून घेणार, दाणे टणक निघाले तर सोल्याची आमटी आणि साधा भात.’ त्या आठवड्यात दाणे चांगले निघाले.

शनिवारी पाटवडी रस्सा: ‘पाटवडी कोरडी आणि रस्सा वेगळ्या डबीत. वड्या आधी टाकू नका, जेवायला बसलात की टाका, नाहीतर पीठ फुटतं.’

आता हे सगळं एकत्र वाचा. सहा ओळींत एक साधी आहे, एक यादी आहे, दोन सूचना आहेत, एक त्या दिवसापुरती आहे, एक सैल आहे. त्यामुळे कोणतीही ओळ शेजारच्या ओळीसारखी वाटत नाही. सोमवारची नुसती ‘आलू-वांगं, वरण, भात, पोळी’ ही ओळ इथे कामाला येते. सहाही दिवस सजवले तर वाचणाऱ्याची नजर कुठेच थांबत नाही. आठवड्याला तीन ओळींवर मेहनत घ्या, चौथी जमली तर जमली.

शब्दांवर लक्ष ठेवायचं एक सोपं काम आहे. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःच्या मेनूच्या संवादात शोध घेता येतो. तिथे ‘खमंग’ टाका आणि किती निकाल येतात ते मोजा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा ‘खमंग’ दोन महिन्यांत अकरा वेळा सापडला. तेव्हापासून कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर वापरलेला शब्द आणि तारीख लिहिते, आणि तो शब्द महिनाभर परत घ्यायचा नाही. ‘खास’, ‘स्पेशल’ आणि ‘गरमागरम’ हे तीन शब्द मात्र मी कायमचे बंद केले आहेत.

‘गरमागरम’ का बंद केला ते सांगते. माझे डबे साडेदहाला भरले जातात आणि शेवटचा डबा मेडिकल चौकात एकच्या आसपास पोचतो. एका पावसाळ्यात मी दर दोन दिवसांनी ‘गरमागरम’ लिहीत होते. तिथल्या एका मुलीने मेसेज केला, ‘काकू, भाजी छान होती, पण गरम नव्हती.’ भाजी रोजच कोमट पोचायची आणि त्याआधी कोणी काही म्हटलं नव्हतं. तक्रार डब्याची नव्हती, माझ्या शब्दाची होती. जे आपल्या हातून निघाल्यावर बदलतं, त्याबद्दल ओळीत काही लिहायचं नाही. गरमपणा, कुरकुरीतपणा आणि फुगलेली पोळी, तिन्हींना हे लागू आहे.

तब्येतीबद्दलही सांभाळा. ‘शुगरवाल्यांसाठी उत्तम’, ‘गुडघेदुखीवर गुणकारी’ असलं लिहू नका. अन्नाच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल 2018 चे वेगळे नियम आहेत आणि आजार बरा होतो असा दावा त्यात बसत नाही. जवसाची चटणी दिली तर ‘जवसाची चटणी’ एवढंच पुरे.

शब्द निवडताना तुमचे डबे कोण खातं तेही बघा. माझ्याकडे निम्मी मुलं बाहेरगावची आहेत. एकदा हिवाळ्यात कोथिंबीर स्वस्त झाली म्हणून ‘सांबारवडी’ लिहिलं, तर कोल्हापूरच्या एका मुलाने विचारलं की त्यासोबत इडली पण येणार का. त्याला आपलं सांबार म्हणजे कोथिंबीर हे माहीत नव्हतं. मी नाव बदललं नाही. पुढच्या वेळी लिहिलं: ‘सांबारवडी. सांबार म्हणजे आपल्याकडे कोथिंबीर, तिचं सारण आणि वर बेसनाची पारी.’ ढेमसं, आंबाडी, वरणफळं, सोले, या सगळ्यांना अशी एकेक ओळ मिळते, आणि इथल्या मुलांनाही ती वाचायला आवडते. मात्र एका पदार्थाची ओळख एकदाच करून द्यायची. पुढच्या वर्षी नवी मुलं आली की परत.

मेनूत काही गोष्टी अजिबात बदलू नयेत, हे मात्र नक्की ध्यानात ठेवा. डबा पोचण्याची वेळ, सुट्टीचा दिवस, ‘कांदा-लसूण नको असेल तर आदल्या रात्री नऊपर्यंत कळवा’, शेंगदाणे किंवा तीळ असल्याची सूचना, पैसे भरायची तारीख. हा भाग दर आठवड्याला त्याच शब्दांत, त्याच क्रमाने, शेवटीच ठेवा. एकदा मी तोही ‘छान’ करून लिहिला. नऊची वेळ वाक्याच्या मध्ये गेली आणि श्रावणातल्या सोमवारी सात जणांनी सकाळी कळवलं की उपास आहे. सात डबे भरून तयार होते. तेव्हापासून वरचा भाग बदलता आणि खालचा भाग ठरलेला.

पाठवण्याबद्दल थोडंच. मोबाईलवर सूचना येते तेव्हा पहिले काही शब्दच दिसतात. तिथे ‘नमस्कार मंडळी, कसे आहात’ लिहिलं तर मेनू दिसतच नाही. पहिल्या ओळीत त्या आठवड्यातली सगळ्यात नवी गोष्ट ठेवा, जसं की ‘मंगळवारी भोगीची भाजी’, आणि मग सोमवारपासून सुरू करा. वाराचं नाव ठळक करायचं असेल तर दोन्ही बाजूंना तारा टाका, असं:

```
*मंगळवार*
```

ब्रॉडकास्ट यादीने पाठवत असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेनू जात नाही. नवीन डबा लागला की पहिल्याच दिवशी नंबर सेव्ह करून घ्यायला सांगा. स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून आठवड्याचा मेनू फक्त स्टेटसवर ठेवू नका. तिथे त्या दिवशीची एक ओळ आणि ओट्यावरचा एक फोटो पुरे.

सगळ्यात अवघड काळ एप्रिल-मे. बाजारात पालेभाज्या कोमेजलेल्या, भाव चढलेले, आणि ढेमसं, दोडकं, भोपळा यांच्यावर दिवस काढायचे. त्या दोन महिन्यांत वहीतली बाजाराची टिपणं कमी होतात. तेव्हा मी भाजी सोडून बाजूच्या वाटीकडे वळते: ‘कैरी किसून, गूळ घालून’, ‘ताक पातळ, जिऱ्याचं’, ‘कांदा फोडून दिलाय, चिरलेला नाही’, ‘पन्हं बाटलीत, आज प्यायचं’. उन्हामुळे डब्यात काय देणं थांबवलं, तेही लिहिते. मागच्या मे महिन्यात ‘ऊन फार आहे, 15 जूनपर्यंत ओल्या नारळाचं काही येणार नाही’ एवढी ओळ टाकली होती. त्या ओळीला उत्तरं जास्त आली, कारण लोकांना तोपर्यंत प्रश्नच पडला होता की चटणी का बंद झाली.

भाजी ऐनवेळी मिळाली नाही तर मेनूतली ओळ वाचवत बसू नका. सकाळी आठला लिहा: ‘ढेमसं चांगलं मिळालं नाही, आज कोबी.’ सबब सांगायची नाही आणि माफीचा परिच्छेदही लिहायचा नाही.

मी शनिवारी रात्री भांडी झाल्यावर वही घेऊन वीस मिनिटं बसते. आधी ठरलेला खालचा भाग चिकटवते, मग सहा वार लिहून नुसत्या भाज्या टाकते, मग वहीतून तीन टिपणं उचलते. मेनू रविवारी सकाळी पुन्हा वाचून, अंगठा ठेवून, दहाला पाठवते. कधी घरात आजारपण असतं, लग्नकार्य असतं आणि वही कोरी राहते. त्या आठवड्यात भाज्यांची नावं आणि वेळा, एवढंच पाठवते. वर्षातून असे चार-पाच आठवडे येतात आणि त्यांत एकही डबा कमी झालेला नाही.